बेंझिनचे हरवलेले १५० किलोजूल

अकरावीच्या वर्गात बेंझिन शिकवायला घेतलं की एक प्रश्न दरवर्षी येतो. यंदा तो मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारला. फळ्यावर बेंझिनला हायड्रोजन जोडताना निघणाऱ्या उष्णतेचे तीन आकडे होते, किलोजूलमध्ये: अपेक्षित उष्णता ३५८.९, मोजलेली उष्णता २०८.४, वजाबाकी १५०.५. ती म्हणाली, "सर, बेंझिनमधून उष्णता कमी निघाली. म्हणजे त्याच्यातच काहीतरी कमी आहे. मग ते जास्त स्थिर कसं?" मी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिचा दुसरा प्रश्न आला. "आणि ते ३५८.९ कुणी मोजलं?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "कुणीच नाही" असं आहे. ज्या पदार्थाचा तो आकडा आहे, तो पदार्थ आजवर कुणाच्या बाटलीत आलेला नाही. तरीही या वजाबाकीतून निघणारा १५० हा आकडा पाठ्यपुस्तकात आणि प्रवेश परीक्षांच्या प्रश्नसंचांत अगदी तराजूत तोलून घेतल्यासारखा छापलेला असतो. तो येतो कुठून आणि त्यावर कितपत भरवसा ठेवायचा, ते पाहू.

मुळात अडचण काय होती

मायकेल फॅरडे यांनी १८२५ साली लंडनमध्ये दिव्यांच्या गॅसमागे उरणाऱ्या तेलकट द्रवातून बेंझिन वेगळं केलं. त्याचं सूत्र C₆H₆. सहा कार्बनना हायड्रोजन जेमतेम सहाच. सहा कार्बनचं साधं, भरलेलं कडं म्हणजे सायक्लोहेक्झेन, C₆H₁₂. म्हणजे बेंझिनमध्ये सहा हायड्रोजनची जागा रिकामी आहे. ती भरून काढायला कार्बन एकमेकांशी दुहेरी बंधांनी जोडलेले असणार, हा सरळ हिशेब. १८६५ मध्ये केकुले यांनी षटकोनी कडं सुचवलं आणि त्यात एक सोडून एक असे तीन दुहेरी बंध बसले.

चित्र सुबक होतं, पण बेंझिन त्या चित्राप्रमाणे वागत नव्हतं. दुहेरी बंध असलेल्या पदार्थात ब्रोमीनचं तांबूस पाणी घालून हलवलं की रंग उडतो. एकच दुहेरी बंध असलेल्या सायक्लोहेक्झीनने तो झटकन उडतो. बेंझिनमध्ये तर असे तीन बंध, मग रंग तिप्पट घाईने जायला हवा. तो जातच नाही. पुढे क्ष-किरणांनी आणि इतर पद्धतींनी बंधांची लांबी मोजता आली, तेव्हा बेंझिनचे सहाही बंध सारखेच निघाले, प्रत्येकी सुमारे १.४० अँगस्ट्रॉम. साधा एकेरी बंध १.५४ चा असतो आणि दुहेरी १.३४ चा. बेंझिनचा बंध ना यातला, ना त्यातला.

या मधल्या अवस्थेला रसायनशास्त्रात संस्पंदन म्हणतात. दुहेरी बंधांचे जादा सहा इलेक्ट्रॉन तीन ठरावीक जोड्यांत अडकून न राहता सगळ्या कड्यावर पसरलेले असतात. पसरल्यामुळे रेणूची ऊर्जा खाली येते. किती खाली, याचं उत्तर म्हणजे संस्पंदन ऊर्जा.

नारळ किती उंचीवरून पडला?

वाड्याच्या माडीवरून अंगणात नारळ टाकला, की धप्पकन आवाज होतो. तोच नारळ जिन्याच्या मधल्या पायरीवरून टाकला, तर आवाज कमी. आता समजा, नारळ कुठून पडतोय ते दिसत नाही, आपण खोलीत बसून फक्त आवाज ऐकतोय. तरी उंचीचा अंदाज येतो. अट एकच. नारळ दरवेळी त्याच अंगणात पडला पाहिजे. एकदा फरशीवर आणि एकदा गवतावर पडला, तर आवाजावरून काहीच ठरत नाही.

इथे अंगण म्हणजे सायक्लोहेक्झेन. सायक्लोहेक्झीनला हायड्रोजनचा एक रेणू दिला की त्याचं सायक्लोहेक्झेन होतं. बेंझिनला तीन दिले की त्याचंही सायक्लोहेक्झेनच होतं:

C₆H₁₀ + H₂ → C₆H₁₂
C₆H₆ + 3H₂ → C₆H₁₂

या क्रियेला हायड्रोजनीकरण म्हणतात आणि तिच्यात उष्णता बाहेर पडते. दाब स्थिर ठेवून ती मोजली, की त्या उष्णतेच्या देवघेवीला एन्थाल्पीतला बदल म्हणतात. उष्णता बाहेर पडली तर बदल ऋण लिहायचा असा संकेत आहे, पण या लेखात मी बाहेर पडलेली उष्णता सरळ धन आकड्याने सांगतो. ऋणाची चिन्हं उलटसुलट करतानाच निम्मे विद्यार्थी वाट चुकतात. आकडे किलोजूलमध्ये आणि एका मोलसाठी आहेत. बेंझिनचा एक मोल म्हणजे ७८ ग्रॅम.

त्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर याच नारळात आहे. आवाज कमी आला, कारण नारळ मुळातच खालच्या पायरीवर होता. बेंझिनमधून उष्णता कमी निघाली, कारण ते आधीच खालच्या ऊर्जेवर बसलेलं आहे. रसायनशास्त्रात खाली बसलेला तोच स्थिर. "कमी" हा शब्द ऐकून "उणीव" असा अर्थ लागतो, आणि तिथेच घोळ होतो.

हार्वर्डमधलं मोजमाप

हे आकडे १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज किस्टियाकोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजले. बेंझिनचं मोजमाप १९३६ सालच्या शोधनिबंधात आहे. (हेच किस्टियाकोव्स्की पुढे अणुबॉम्बच्या प्रकल्पात स्फोटकांचं काम सांभाळत होते आणि त्यानंतर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचे विज्ञान सल्लागार झाले.) मोजमाप वाफेच्या अवस्थेत, ८२ अंश सेल्सियसला केलेलं होतं. वाफेत रेणू एकमेकांपासून दूर असतात. द्रवात ते एकमेकांना चिकटून असतात, आणि ती चिकटण्याची ऊर्जा हिशेबात उगाच घुसते.

तत्त्व साधं आहे. पदार्थाची वाफ आणि जरुरीपेक्षा जास्त हायड्रोजन एकत्र करून उत्प्रेरकावरून संथपणे सोडायचे. उत्प्रेरक म्हणजे क्रिया घडवून आणणारा, पण स्वतः न संपणारा पदार्थ. इथे तो धातू असतो. निघालेली उष्णता भोवतालच्या उष्मामापीने टिपायची आणि तेवढ्या वेळात किती पदार्थ गेला ते मोजायचं. उष्णता भागिले मोल, झालं उत्तर.

तत्त्व साधं असलं तरी चुकायच्या जागा बऱ्याच आहेत. कोळशाच्या डांबरातून काढलेल्या बेंझिनमध्ये थायोफीन नावाचा गंधकयुक्त पदार्थ लपलेला असतो आणि गंधक उत्प्रेरकाला अक्षरशः विष घालतं. सायक्लोहेक्झीन हवेत उघडं राहिलं की त्यात पेरॉक्साइड तयार होतात. सगळ्यात चोरटी चूक म्हणजे क्रिया अर्धवट होणं. समजा, दर शंभरातला बेंझिनचा एक रेणू तसाच निसटून बाहेर आला. मग २०८.४ च्या जागी २०६.३ भरेल आणि बेंझिन प्रत्यक्षाहून २ किलोजूल जास्त स्थिर असल्याचा भास होईल. सायक्लोहेक्झीनच्या बाबतीत तीच एक टक्क्याची चूक झाली, तर ती पुढे तीनने गुणली जाते आणि उत्तर साडेतीन किलोजूलने उलट्या दिशेला सरकतं.

हे कळायचं कसं? ब्रोमीनचं पाणी इथे उपयोगाचं नाही, कारण उरलेलं बेंझिन त्याला दादच देत नाही. पण बाहेर पडलेली वाफ थंड करून द्रव केली, की प्रकाश त्यातून किती वाकतो ते मोजता येतं. बेंझिनचा अपवर्तनांक १.५०, सायक्लोहेक्झेनचा १.४३. दोघांत एवढा फरक आहे की थोडीशी भेसळही लपत नाही.

इथे कुणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? सरळ जाळून उष्णता मोजावी. जाळूनही मोजलेलं आहे, आणि हार्वर्डच्या आधी १९३३ मध्ये लायनस पाउलिंग यांनी ज्वलनाच्या आकड्यांवरूनच अंदाज बांधला होता. पण बेंझिनच्या वाफेचा एक मोल जळताना सुमारे ३,३०० किलोजूल निघतात. त्यात हजारात एकाची चूक म्हणजे ३ किलोजूल. हायड्रोजनीकरणात २०८ निघतात, त्यात तेवढीच चूक म्हणजे ०.२. कलिंगडाचं वजन करायला ते टेम्पोत ठेवून टेम्पो वजनकाट्यावर चढवावा आणि मग रिकाम्या टेम्पोचं वजन वजा करावं, तसला प्रकार ज्वलनाचा आहे. जमतं, पण काटा जरा हलला की कलिंगडाचा भोपळा होतो.

वजाबाकी

आता हिशेब. सायक्लोहेक्झीनच्या एका दुहेरी बंधाला हायड्रोजन दिल्यावर ११९.६ किलोजूल निघाले. बेंझिनमध्ये एकमेकांशी काही देणंघेणं नसलेले असे तीन बंध असते, तर तीनदा ११९.६, म्हणजे ३५८.९ निघायला हवे होते. (मूळ मोजमाप किलोकॅलरीत आहे, ते बदलून घेताना शेवटच्या अंकात एखाद्याचा फरक पडतो.) निघाले २०८.४. फरक १५०.५. जुन्या एककांत तेच ३६ किलोकॅलरी.

वर्गात इथपर्यंत सांगून थांबतात. पण माझ्या मते त्याच प्रयोगमालिकेतला मधला आकडा जास्त बोलका आहे. दोन दुहेरी बंध असलेलं कडं, १,३-सायक्लोहेक्झाडाईन. त्यातून २३१.७ किलोजूल निघाले.

परत एकदा बघा. दोन बंधवाल्यातून २३१.७ आणि तीन बंधवाल्यातून २०८.४. बंध वाढला आणि उष्णता घटली! नारळाच्या भाषेत, बेंझिन हे सायक्लोहेक्झाडाईनपेक्षाही खालच्या पायरीवर आहे. म्हणून बेंझिनला हायड्रोजनचा पहिला रेणू द्यायचा, तर उष्णता मिळत नाही, उलट २३.३ किलोजूल पदरचे घालावे लागतात. दुसऱ्या रेणूला ११२ परत मिळतात आणि तिसऱ्याला ११९.६. पहिला घास घेताना पसरलेल्या इलेक्ट्रॉनांची घडी मोडते, त्याची ती किंमत. ती एकदा मोडली की पुढचे दोन बंध साध्या दुहेरी बंधांसारखेच वागतात.

या २३.३ मध्ये कल्पनेचा अंशही नाही. दोन्ही पदार्थ बाटलीत मिळतात आणि दोन्हींचं मोजमाप झालेलं आहे. बेंझिन वेगळं आहे याचा बिनतोड पुरावा मागितला, तर मी १५० आधी हा आकडा दाखवतो.

पण तीनने गुणायचा हक्क कुणी दिला?

ही शंका रास्त आहे. सायक्लोहेक्झीनचाच बंध नमुना म्हणून का घ्यायचा? इथिलीनचा का नको? तो तर सगळ्यात साधा दुहेरी बंध. त्याच प्रयोगमालिकेत इथिलीनमधून १३७.३ किलोजूल निघाले. त्याची तिप्पट ४११.९, त्यातून २०८.४ गेले की उरतात २०३.५. नुसता नमुना बदलला आणि उत्तर एक तृतीयांशाने फुगलं.

इथिलीन चालत नाही, कारण त्याच्या दुहेरी बंधाला चारही बाजूंनी नुसते हायड्रोजन असतात. बंधाला शेजारी कार्बन लाभले की तो थोडा स्थिर होतो. बेंझिनच्या कड्यात प्रत्येक दुहेरी बंधाच्या दोन्ही टोकांना एकेक कार्बन असतो, म्हणून नमुनाही तसाच हवा. सायक्लोहेक्झीनमध्ये तशीच रचना आहे. मग कड्याच्या वळणामुळे तर काही फरक पडत नसेल? तेही तपासता येतं. सिस-२-ब्युटीनमध्ये कडं नाही, पण दुहेरी बंधाच्या दोन्ही टोकांना एकाच बाजूला कार्बन आहेत. त्यातून ११९.५ किलोजूल निघाले. सायक्लोहेक्झीनचे ११९.६. कड्याचा परिणाम जवळजवळ शून्य. नमुना भरवशाचा आहे.

दोन चित्रांत ये-जा चालू असते का?

केकुलेंची चित्रं दोन काढता येतात, दुहेरी बंध एकेक घर सरकवून. त्यामुळे अनेकांना वाटतं की बेंझिन क्षणात हे, क्षणात ते, असं पंख्यासारखं फिरत असतं. तसं नाही. नृसिंह क्षणभर माणूस आणि क्षणभर सिंह नव्हता, तो सदैव नृसिंहच होता. आपल्याला त्याचं वर्णन करायला माणूस आणि सिंह हे दोन ओळखीचे शब्द लागतात, एवढंच. बेंझिनच्या बाबतीत गंमत उलटी आहे. तिथे मिश्ररूप खरं आहे आणि ज्या दोन रूपांनी आपण त्याचं वर्णन करतो, ती दोन्ही कागदावरची आहेत.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. १५० किलोजूल ही बेंझिनमध्ये साठवलेली ऊर्जा नाही. ती बाहेर काढून वापरता येत नाही. कागदावरचा रेणू आणि खरा रेणू यांच्या पायऱ्यांमधलं ते अंतर आहे. "संस्पंदन ऊर्जा मुक्त होते" असं वाक्य उत्तरपत्रिकेत दिसलं की माझं लाल पेन आपोआप उघडतं.

एवढं स्थिर, मग पेटतं कसं?

बेंझिन भरपूर काजळी करत छान जळतं. स्थिर पदार्थ जळतो कसा, असं विचारणाऱ्याने आधी "कशाच्या मानाने स्थिर" हे विचारावं. बेंझिन कागदावरच्या तीन बंधवाल्या भावंडापेक्षा १५० ने खाली आहे. पण कार्बन आणि हायड्रोजन या मूलद्रव्यांशी तुलना केली, तर बेंझिनची वाफ त्यांच्या सुमारे ८३ किलोजूल वर आहे. आणि जळून होणारा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तर फारच खाली, तळघरात. पहिल्या मजल्यावरचा माणूस तिसऱ्या मजल्यावरच्याच्या मानाने खाली असतो, पण तळघराच्या मानाने तो वरच असतो.

हायड्रोजनीकरणातही एकूण हिशेब उताराचाच आहे, २०८ किलोजूल खाली. तरी हायड्रोजन आणि बेंझिन नुसते एका बाटलीत ठेवले तर वर्षानुवर्षं काही होत नाही. वाटेत चढ आहे, आणि तो ओलांडायला उत्प्रेरक लागतो. खाली असणं आणि खाली जाण्याची वाट सोपी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग कुठे १२८ आणि कुठे ९० का लिहिलेलं असतं?

इथे आपण गुळगुळीत भागातून खडबडीत भागात शिरतो. सायक्लोहेक्झाडाईनकडे पुन्हा बघा. त्याचे दोन बंध खरोखर एकमेकांपासून अलिप्त असते, तर दोनदा ११९.६, म्हणजे २३९.२ निघायला हवे होते. निघाले २३१.७. साडेसात किलोजूल इथेही कमी. या रेणूत बेंझिनसारखं काही नाही, पण दोन दुहेरी बंध एकाआड एक आले की इलेक्ट्रॉन थोडेफार पसरतात, त्याचा हा फायदा.

कागदावरच्या तीन बंधवाल्या कड्यात अशा शेजारच्या जागा तीन आहेत. मग तो साधा फायदा त्यालाही मिळालाच असता, तिनदा साडेसात, साडेबावीस. बेंझिनची खास अशी बचत मोजायची, तर हे साडेबावीस १५०.५ मधून काढायला हवेत. उरतात १२८. "अलिप्त बंधांच्या मानाने किती स्थिर" या प्रश्नाचं उत्तर १५०, आणि "एकाआड एक बंधांच्या मानाने कड्यामुळे आणखी किती" याचं उत्तर १२८. प्रश्न दोन आहेत, म्हणून उत्तरं दोन.

आणखी काटेकोर माणसं म्हणतात, नमुना प्रत्येक बाबतीत जुळवा. दुहेरी बंधांच्या मधला एकेरी बंधही साध्या एकेरी बंधापेक्षा आखूड आणि पक्का असतो, तोही हिशेबात घ्या. त्यासाठी ते एकाआड एक दोन दुहेरी बंध असलेल्या ब्युटाडाईनचा आधार घेतात आणि ही कागदी क्रिया मांडतात: एक बेंझिन आणि तीन इथिलीन यांच्यापासून तीन ब्युटाडाईन. दोन्ही बाजूंना बंधांचे प्रकार सारखे आहेत, फरक काय तो कड्याचा. तिन्ही पदार्थांचे मोजलेले आकडे घातले तर सुमारे ९० किलोजूल खर्च येतो.

उलट दिशेलाही जाता येतं. कागदावरच्या रेणूचे बंध आखूड आणि लांब असे आलटून पालटून असणार. त्याला दाबून, ताणून बेंझिनसारखा नियमित षटकोन करायलाच सुमारे ११० किलोजूल लागतील. तुलना त्या दाबून बसवलेल्या षटकोनाशी केली, तर बेंझिनची बचत २६० च्या घरात जाते. म्हणजे ९० पासून २६० पर्यंत सगळे आकडे छापलेले सापडतील. प्रयोगाने मोजलेले २०८.४ मात्र सगळ्यांच्या हिशेबात तेच आहेत. डगमगतो तो कागदावरचा रेणू.

मग सगळा खेळ कल्पनेचाच का?

नाही, आणि याची एक चांगली परीक्षा आहे. कड्यात एक सोडून एक दुहेरी बंध असले की स्थिरता येते, एवढंच असेल, तर आठ कार्बन आणि चार दुहेरी बंधांच्या कड्यातही ती यायला हवी. तो पदार्थ सायक्लोऑक्टाटेट्राईन. रिखार्ट विलश्टेटर यांनी १९११ मध्ये तो बनवला, तोही डाळिंबाच्या झाडाच्या सालीतल्या एका अल्कलॉइडपासून. हिशेब बेंझिनसारखाच मांडू. आठ कार्बनच्या कड्यात एकच दुहेरी बंध असेल तर सुमारे ९६ किलोजूल निघतात. चौपट ३८४. प्रत्यक्षात निघाले सुमारे ४१०.

इथे तूट नाहीच, उलट पंचवीसेक किलोजूल जास्तच आहेत. हे मोजमाप वाफेत नाही, अ‍ॅसेटिक आम्लात झालं होतं, आणि आठाच्या कड्यांत कोनांचा ताणही असतो. त्यामुळे या पंचविसाचा फार कीस काढू नये. पण बेंझिनसारखी दीडशेची तूट कुठेच नाही, हे उघड आहे. त्याचा आकारही तेच सांगतो. तो रेणू सपाट नसून टबासारखा वाकलेला आहे, त्याचे बंध आलटून पालटून १.३४ आणि १.४७ अँगस्ट्रॉमचे आहेत आणि ब्रोमीनचा रंग तो झटकन उडवतो. उष्णता, लांबी आणि वागणूक, तिन्ही साक्षी एकच बोलतात. बेंझिनच्या बाबतीतही त्या तिन्ही एकच बोलतात, फक्त उलट बाजूने.

परीक्षेत काय लिहायचं?

त्या मुलीचा शेवटचा प्रश्न अर्थातच हा होता. तिच्या पुस्तकात १५०.५, शिकवणीच्या नोट्समध्ये १५२ आणि एका प्रश्नसंचात १४९ असं होतं.

१५२ चं गुपित फार किरकोळ आहे. कुणीतरी ११९.६ चे १२० केले, तीनने गुणून ३६० केले आणि त्यातून २०८ वजा केले. आधी पूर्णांक करून मग गुणलं की ती छोटी तडजोडही तिप्पट होते. १४९ मात्र चूक नाही. ८२ अंशांऐवजी २५ अंशांचे आकडे घेतले, तर बेंझिनचे २०६ आणि सायक्लोहेक्झीनचे सुमारे ११८.४ येतात. तिप्पट ३५५, त्यातून २०६ गेले की १४९. तापमान बदललं की दोन्ही आकडे सरकतात, पण साधारण एकाच दिशेला, म्हणून वजाबाकीला फारसा धक्का लागत नाही.

मी तिला म्हटलं, "प्रश्नात दिलेले आकडे घे, त्यांचीच वजाबाकी कर, आणि उत्तराशेजारी लिही: तीन अलिप्त दुहेरी बंधांच्या मानाने." तिने वहीत लिहून घेतलं आणि ३५८.९ च्या खाली पेन्सिलीने एक रेघ मारून बाजूला लिहिलं, "न मोजलेला."